वाढ कापडात साठते, बुटात साठत नाही: डिचोलीतल्या एका घराची शाळेची खरेदी

"वयनी, एक नंबर मोठाच न्या. वर्षभर बघायला नको." जून आला की बुटांच्या दुकानात हे वाक्य दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकायला मिळतं. शिंप्याकडे मात्र उलटं चालतं. तिथे कोणी "थोडं कापड जास्त ठेवा" म्हणत नाही, मापाबरहुकूम शिवून घेऊन लोक मोकळे होतात. इथे याच्या नेमका उलटा हिशेब मांडला आहे. मुलाची पुढच्या वर्षाची वाढ कापडात दुमडून ठेवता येते आणि हवी तेव्हा उलगडता येते. बुटात ती ठरावीक मिलिमीटरच मावते. त्याहून जास्त कोंबायला गेलं तर बूटच मरतो.

नमुन्यादाखल गोव्यातल्या डिचोलीतलं एक घर घेऊ. थोरली मुलगी अकरा वर्षांची, सहावीत जाणारी. धाकटा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत जाणारा. मापं आणि किमती उदाहरणापुरत्या धरल्या आहेत, पण बाजारात साधारण याच पट्ट्यातले आकडे भेटतात.

गेल्या वर्षी काय बिघडलं

गेल्या जूनमध्ये मुलीचं पाऊल २१५ मिलिमीटर होतं. तिला १,४५० रुपयांचे चामडी बूट घेतले. आतली लांबी २३५ मिलिमीटर, म्हणजे पुढे २० मिलिमीटर मोकळी जागा. शाळा सुरू झाली, दोन आठवड्यांत पाऊस लागला, शाळेने सँडल चालतील असं सांगितलं आणि बूट कपाटात गेले. चवथीची सुटी संपली, पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरात ते बाहेर काढले तेव्हा आत हिरवट बुरशी होती. ती पुसली, दोन दिवस वाऱ्यावर ठेवले, वापर सुरू झाला. तेव्हा पाऊल सुमारे २१९ मिलिमीटर होतं. जागा अजूनही १६ मिलिमीटर. मार्चअखेर पाऊल २२४ झालं आणि जागा ११ मिलिमीटर उरली. म्हणजे लांबीचा मेळ शेवटी मार्चमध्ये बसला. पण तोवर बुटाची टाच चेपून सपाट झाली होती आणि डाव्या बुटाचा सोल आडवा चिरला होता.

हा सोल चिरला का, ते बूट हातात घेतला की दिसतं. पाऊल चवड्यापाशी वाकतं, आणि बूट बनवणाऱ्याने सोलही तिथेच वाकेल असा केलेला असतो. बूट मापाचा असेल तर वरची आडवी सुरकुती चवड्याच्या ओळीवर पडते. या बुटावर दोन सुरकुत्या होत्या. एक जिथे असायला हवी तिथे, आणि दुसरी, जास्त खोल, तिच्या बोटभर मागे. पाऊल बुटात मागेच राहत होतं, म्हणून बूट जिथे जाड आणि ताठ आहे तिथे त्याला रोज वाकवलं गेलं. सोल चिरला तो याच दुसऱ्या रेषेवर. टाचेचंही कारण तेच. बूट सैल असला की टाच आत वरखाली घसरते. मग मूल बूट मागून ढकलत घालतं, नाड्या न सोडता काढतं, आणि टाचेमागचा कडक भाग दोन-तीन महिन्यांत मऊ पडतो. तो एकदा मऊ पडला की दुरुस्त होत नाही.

म्हणून नवीन बूट घ्यायच्या आधी जुने बूट टाकू नका. सुरकुती कुठे पडली, टाच कुठे झिजली, आतल्या अस्तरावर अंगठ्याचा ठसा कुठपर्यंत गेला, एवढं पाहिलं की गेल्या वेळी काय चुकलं ते बूटच सांगतो.

माप कसं घेतलं

माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभर उभं राहून पाऊल किंचित वाढलेलं असतं. शाळेत घालायचे तेच मोजे घालून मुलीला कागदावर उभं केलं. टाच भिंतीला टेकलेली, वजन दोन्ही पायांवर. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण केली. हे बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. डावा पाय २२२ आला, उजवा २२४. हिशेबाला मोठा पाय धरायचा.

आता पुठ्ठ्याची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, लांबी पावलापेक्षा १२ मिलिमीटर जास्त. इथे ती २३६ मिलिमीटर झाली. दुकानात ही पट्टी बुटात सरकवायची. पुढच्या टोकाला टेकून ती टाचेकडेही सपाट बसली, तर लांबी बरोबर. वाकली तर बूट आखूड. मागे बोट आत जाईल एवढी फट राहिली तर मोठा. ही पट्टी नेण्याचं कारण असं की दोन कंपन्यांच्या एकाच नंबरात आतली लांबी सारखी असेलच असं नाही. आपल्याकडे एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे "एक नंबर मोठा" म्हणताना आपण दहा महिन्यांची वाढ एका फटक्यात विकत घेतो, आणि ते लक्षातही येत नाही.

दुकानदार बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहतो. त्यावर विसंबू नये. दाब आला की मूल नकळत बोटं आखडून घेतं आणि जागा असल्याचा भास होतो. पट्टी आखडत नाही. लांबी जमल्यावर मुलीला नाड्या बांधून दुकानभर चालवायचं आणि मागून टाच पाहायची. टाच बुटातून उचलली जात असेल तर लांबी बरोबर असूनही तो साचा तिच्या पायाचा नाही. दुसऱ्या कंपनीचा बूट बघावा.

पुढे १२ मिलिमीटर जागा ठेवून बूट घ्यायचा आणि ती ५ वर आली की बदलायचा. चालताना पाऊल थोडं पुढे सरकतं. ५ मिलिमीटरच्या आत बोटं टोकाला लागायला लागतात, अंगठ्याचं नख काळं पडतं. म्हणजे वापरायला मिळतात ते ७ मिलिमीटर. या मुलीचं पाऊल गेल्या दहा महिन्यांत ९ मिलिमीटर वाढलं, महिन्याला ०.९. सातला ०.९ ने भागलं की जेमतेम आठ महिने येतात. बूट चामड्याचा असो वा साधा, या मुलीच्या पायात तो आठच महिने टिकणार.

बूट जूनमध्ये घेऊच नयेत

हे आठ महिने कधीचे, हा गोव्यातला खरा प्रश्न. २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं, मे महिना सुटी आणि जूनमध्ये शाळा पुन्हा भरली. म्हणजे सहावीतल्या मुलीला एप्रिलचे तीन-चार आठवडे शाळेत जायचं आहे, मग सुटी, मग सरळ पाऊस. एप्रिलमध्ये १२ मिलिमीटर जागेचे काळे बूट घेतले तर ते महिनाभर वापरून जूनपासून कपाटात जातील. ऑक्टोबरात काढाल तेव्हा पाऊल ५ मिलिमीटरहून जास्त वाढलेलं असेल. बुटाचं निम्म्याहून अधिक आयुष्य कपाटात संपलेलं, आणि वर बुरशी.

म्हणून या घराने क्रम असा लावला. एप्रिलमध्ये फक्त पी.टी.चे पांढरे कॅनव्हास घेतले, ३८० रुपयांचे. ते एरवीही लागणारच होते. काळ्या बुटांऐवजी महिनाभर तेच चालतील का, हे वर्गशिक्षिकेला आधीच विचारून घेतलं. जूनमध्ये पावसाळी सँडल, ४२० रुपये. काळे बूट थेट ऑक्टोबरात, नव्याने माप घेऊन, ६५० रुपयांचे. ऑक्टोबर ते पुढचा एप्रिल असे सात महिने धरले तर पाऊल सुमारे ६ मिलिमीटर वाढेल आणि एप्रिलअखेर ५-६ मिलिमीटर जागा उरेल. हिशेब एप्रिललाच मिटतो, पुढच्या वर्षी एप्रिलची अडचण राहत नाही.

खर्च महिन्यावर आणून बघा. गेल्या वर्षीचा १,४५० रुपयांचा बूट प्रत्यक्ष सहा महिने पायात होता, म्हणजे महिन्याला सुमारे २४० रुपये. ६५० रुपयांचा बूट सात महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ९३ रुपये. चामडं चांगलंच असतं, पण त्याच्या टिकाऊपणाचे पैसे पाऊल थांबल्यावर वसूल होतात.

ज्या शाळा पावसातही काळे बंद बूटच मागतात, तिथे हा क्रम चालत नाही. तिथे जूनमध्ये पूर्ण साच्यातला, शिलाई नसलेला प्लास्टिकचा काळा बूट घ्यावा आणि ऑक्टोबरात दुसरा. एकच जोड पाऊसभर ओला वापरला तर तो दिवाळी बघत नाही.

दमट हवेत कोणता सोल

सोल वरच्या भागाला कसा जोडला आहे ते बघा. स्वस्त बुटांत दोन तऱ्हा दिसतात. एकात सोल नुसता चिकटवलेला असतो. कडेला नख घातलं की बारीक फट जाणवते, कुठे वाळलेला गोंद दिसतो. दुसऱ्यात गरम पी.व्ही.सी. थेट साच्यात ओतून वरच्या भागाला जोडलेलं असतं आणि कडेला फट नसते. आपल्या हवेला दुसरा बरा. ओला-सुका होऊन गोंद सुटतो, ओतीव सोल सहसा सुटत नाही.

पी.यू. म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हलका आणि मऊ, पायाला सुखाचा. पण दमट हवेत नुसता पडून राहिला तरी तो आतून कुजतो. दोन-तीन वर्षांचा पडीक माल असेल तर पहिल्याच आठवड्यात सोलाचे तुकडे पडू शकतात. बूट न वापरता असा कसा फाटला, असं लोकांना वाटतं. आतून कुजलेलं न वापरल्यानेच पटकन लक्षात येत नाही, एवढंच. सवलतीतला पी.यू. सोलचा बूट घेताना डब्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा.

ओला बूट चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, गोंद आणि वरचा थर दोन्ही तडकतात. इनसोल काढून वेगळं ठेवायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी ते बदलायचे आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचं. आपल्या तांबड्या मातीचे डाग पांढऱ्या मोज्यांवर आणि कॅनव्हासवर पडतात, त्यावर ब्लीच ओतू नका. या मातीत लोह असतं आणि ब्लीचने तो डाग गंजासारखा पिवळा होऊन बसतो. चिखल आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, साध्या पाण्यात खळबळा आणि मग साबण लावा.

गणवेश: माया कुठे ठेवायची

गेल्या वर्षी या मुलीला ९५० रुपयांचा एक असे तीन तयार जोड घेतले होते. तिसरा "जपून ठेवायचा" म्हणून बाजूला ठेवला. जानेवारीत काढला तेव्हा शर्ट खांद्यात बसेना. दहा वेळाही न घातलेला जोड वाया गेला. त्या वर्षात तिची उंची १३४ वरून १४१ सेंटिमीटर झाली होती.

या वर्षी स्कर्ट शिवून घेतले, आणि मार्चमध्येच कापड दिलं. तेव्हा शिंप्याला वेळ असतो, जूनच्या गर्दीत अशा सूचना कोणी ऐकून घेत नाही. कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं, कारण ते रात्रीत घरात वाळतं. सुती कापड घालायला गार, पण जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड घेतलंच, तर शिवायच्या आधी रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून द्या. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटलं तरी ते मग कापडात आटतं, कपड्यात नाही.

स्कर्टची खालची दुमड एरवी तीन सेंटिमीटरची असते. इथे नऊ ठेवली. त्यासाठी एका स्कर्टला दोन लांब्यांत मिळून १२ सेंटिमीटर कापड जास्त लागलं, २६० रुपये मीटरच्या दराने ३१ रुपयांचं. वर्षभरात उंची सात सेंटिमीटर वाढली तर स्कर्टची लांबी तीन-चार सेंटिमीटर वाढवावी लागते, कारण उरलेली वाढ कमरेच्या वर आणि गुडघ्याच्या खाली असते. नोव्हेंबरात चार सेंटिमीटर सोडले, पुढच्या वर्षासाठी अजून शिल्लक आहेच.

यात तीन गोष्टी चुकतात. दुमड मशीनने घातली तर उसवल्यावर टिपेची भोकं रांगेने दिसतात, म्हणून हातशिलाईच सांगावी. दुमडीच्या कडेवर दर वेळी कडक इस्त्री फिरवली तर ती रेघ पॉलिएस्टरमध्ये कायमची बसते. आणि बाहेरचं कापड उन्हाने विटतं, आतलं तसंच राहतं, मग दुमड सोडली की खाली गडद पट्टा दिसतो. त्यावर उपाय पहिल्या दिवसापासूनचा: स्कर्ट नेहमी उलटा करून वाळत घालायचा. चुण्यांच्या स्कर्टमध्ये आणखी एक गोम आहे. दुमड वर वळलेली असताना चुण्या दाबल्या जातात, त्यामुळे सोडलेल्या पट्टीत त्या उलट्या पडलेल्या असतात. बाहेरची कड आत, आतली बाहेर. तिथे ओलं फडकं ठेवून प्रत्येक चुणी नव्याने बसवावी लागते. हे काम शिंप्याकडूनच करून घ्यावं. एका स्कर्टचे ६० रुपये त्याने घेतले, ते रास्त होते.

शर्टाच्या बाजूच्या शिवणीत अडीच सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीआड राखलेलं जादा कापड, मागितली. त्यातली दीड सोडता येते. दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला कापडाचे दोन पदर, म्हणजे छातीचा घेर सहा सेंटिमीटरने वाढतो. पण मायेचा घात ओव्हरलॉक मशीन करते. त्या मशीनला पातं असतं. शिंप्याने सवयीने दोन्ही पदर एकत्र धरून ओव्हरलॉक मारलं की माया कापून जाते आणि एक सेंटिमीटरसुद्धा उरत नाही. "प्रत्येक पदर वेगळा ओव्हरलॉक करा, कड कापू नका" हे कापड देतानाच बोललं पाहिजे, आणि शर्ट घरी नेण्याआधी उलटा करून पाहिलं पाहिजे.

खांदा मात्र सोडता येत नाही. म्हणून शर्ट खांद्यावरून बेतायचा, मापापेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त, आणि एकदम चार घ्यायचे नाहीत. दोन शर्ट एप्रिलमध्ये ७६० रुपयांना शिवून घेतले, दोन नोव्हेंबरात नव्या मापाने ८०० रुपयांना. दोन स्कर्टांचे कापड-शिलाईसह १,०४० आणि दुमड सोडायचे १२० धरून कपड्यांचा खर्च २,७२० झाला. पायातल्या तीन जोडांचे मिळून १,४५०, गेल्या वर्षी एकट्या काळ्या बुटाला गेले होते तेवढेच. एकूण ४,१७०. गेल्या वर्षी सँडल वगैरे धरून ५,०८० गेले होते आणि मार्चअखेर हातात धड बूट नव्हता.

धाकट्याचं गणित वेगळं

आठ वर्षांच्या मुलाला हाच हिशेब लावला तर चुकतो. त्याचा बूट आखूड व्हायच्या आधी पुढून फाटतो, कारण मधल्या सुटीत तो काळ्या बुटांनीच फुटबॉल खेळतो. तिथे लांबीआधी टोक बघायचं: पुढे सोल वर चढून बोटांवर आलेला असावा आणि तिथे शिलाई नसावी. अशा बुटाला शे-दीडशे जास्त द्यावेत, ते वसूल होतात. चिकटपट्टीचा बूट त्याला घालायला सोपा, पण पट्टीच्या काट्यांत माती आणि मोज्याचे धागे अडकून पकड जाते. जुन्या दात-ब्रशने आठवड्याला ती साफ केली तरच टिकते. मामेभावाच्या हाफपँट त्याला खुशाल चालतात, कमरेत बटणाचं इलास्टिक घातलं की झालं. मामेभावाचे बूट नकोत. आतल्या इनसोलवर आणि टाचेत दुसऱ्याच्या पायाचा साचा बसलेला असतो.

थोरलीच्या बाबतीत पुठ्ठ्याची पट्टी दर तीन महिन्यांनी नव्याने कापायची आणि जुन्या पट्टीवर तारीख लिहून ठेवायची. सहा महिन्यांच्या दोन पट्ट्यांत तीन मिलिमीटरपेक्षा कमी फरक यायला लागला की पाऊल थांबत चाललं असं समजावं. मुलींचं हे मुलांच्या आधी होतं. तिला १,४५० रुपयांचे चामडी बूट घ्यायची वेळ तेव्हा येईल, आणि तेही ऑक्टोबरातच.